न टाकलेलं पत्र

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाला दोन मुखपृष्ठं असतात. उजवीकडून उघडला की उर्दू विभाग, डावीकडून उघडला की मराठी. दोन्ही विभाग मधल्या फोटोंच्या पानांवर भेटतात. मराठी विभागाचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गोष्टीला दोन पानं, म्हणजे साधारण साडेचारशे ते पाचशे शब्द, एवढीच जागा मिळते. त्या वर्षी गोष्टीसाठी मी विषय दिला होता, ‘लिहिलेलं पण पोस्टात न टाकलेलं पत्र’.

विषय देताना वाटलं होतं, आजच्या मुलांना पत्र म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागेल. तसं झालं नाही. तेवीस गोष्टी आल्या. पण त्यातल्या बहुतेक एकाच साच्याच्या होत्या. मुलगा वडिलांना माफीचं पत्र लिहितो, टाकायला विसरतो, वडील वारतात, मुलगा रडतो. मी प्रत्येकाच्या वहीत एकच प्रश्न लिहिला, “पत्र टाकलं का नाही?” ‘विसरला’ हे उत्तर गोष्टीत चालत नाही. माणूस वीजबिल विसरतो, असं पत्र विसरत नाही. ते तो टाकत नाही. न टाकण्याचं कारण हीच खरी गोष्ट असते. बाकीचं सगळं, म्हणजे पाऊस, अपघात, शेवटचं रडणं, हे ते कारण सापडलं नाही म्हणून घातलेलं भरताड असतं.

नववीतली एक मुलगी वही घेऊन परत आली. तिच्या गोष्टीतही नायिका विसरलीच होती. ती म्हणाली, “मॅडम, माझ्या दादीने खरंच एक पत्र टाकलं नाही. मी तिला कारण विचारू का?”

मी म्हटलं, “विचार की.” पुढचा मागचा काही विचार न करता म्हटलं.

चार दिवसांनी तिने जे सांगितलं ते असं. तिचे दादा त्या काळी सौदीत, दमामला होते. घर बांधायचं चाललं होतं. दादीने लहानपणी नाजरा कुरआन वाचलं होतं, त्यामुळे अक्षरं ओळखता यायची, पण लिहायची सवय नव्हती. आलेलं पत्र वाचायला आणि उत्तर लिहायला शेजारचा शाळकरी मुलगा यायचा. एकदा तिने स्वतःच लिहायचं ठरवलं. पोस्टातून निळं हवाई पत्र मागवलं. ते एकच पान असतं, घडी घालून कडा चिकटवायच्या, वर पत्ता लिहायचा, वेगळं पाकीट नाही. रात्री सगळे झोपल्यावर तिने तीन-चार दिवसांत ते पान भरलं. अरबीत ‘पे’ हे अक्षर नाही, त्यामुळे तिला ‘पे’ लिहिता येत नव्हता. तिने सगळीकडे ‘बे’ लिहिला. पैसा झाला ‘बैसा’.

पत्र लिहून झालं आणि पत्त्यापाशी अडलं. पत्ता इंग्रजीत हवा. तिकडे घरोघर पोस्टमन येत नसे, कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर टपाल जायचं, तो नंबर अचूक हवा. जुन्या पाकिटावरून उतरवून बघितलं, पेन्सिलीने दोन अक्षरं काढली आणि थांबली. पत्ता लिहायला त्याच मुलाकडे जावं लागलं असतं. तो विचारणार, “चाची, पत्र कुणी लिहिलं? आत काय आहे?” आणि आत जे होतं ते त्या मुलाकडून लिहवून घेता येत नव्हतं म्हणूनच तर ती स्वतः लिहायला बसली होती. पुढच्या आठवड्यात दादांचा ड्राफ्ट आला, स्लॅब पडला. पत्र ट्रंकेत गेलं.

हे ऐकताना मी गप्प झाले. कारण त्या गोष्टीतला शाळकरी मुलगा मी होते.

मी दहा-अकरा वर्षांची असताना आमच्या मोहल्ल्यातल्या सात-आठ घरांची पत्रं मी लिहायची. अक्षर बरं होतं, एवढीच पात्रता. पत्राचा साचा मला पाठ होता. वर ७८६, मग सलाम, मग ‘इथे सगळे खैरियतने आहेत, तुमची खैरियत अल्लाहकडून नेक चाहतो’, मग पैसे पोहोचले, मग मुलांच्या परीक्षा, मग कुणाकुणाचा सलाम. बाया सांगायच्या आणि मध्येच थांबायच्या. मी विचारायची, “पुढे?” त्या म्हणायच्या, “बस, एवढंच लिही.” ते थांबणं काय होतं हे त्या वयात मला कळलं नाही. एकदा मात्र एक खाला थांबली नाही. तिने सासरचं काही सांगितलं आणि मी ते लिहिलं. आणि घरी येऊन अम्मीला सांगितलं. अम्मीने कुणाला सांगितलं नाही, पण मी खेळताना मैत्रिणीला सांगितलं. आठ दिवसांत खालाच्या घरी कळलं. त्यानंतर ती कधी पत्र लिहवून घ्यायला आली नाही. अम्मी मला एवढंच म्हणाली, “दुसऱ्याचं पत्र अमानत असतं.”

एवढं सगळं ठाऊक असून मी या मुलीला म्हटलं, “हेच लिही.”

तिने लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. पण त्यात पत्राचा मजकूर अख्खाच्या अख्खा होता. दादीने तिला ते वाचून दाखवलं होतं. गोष्ट हजार शब्दांची झाली होती, त्यातले सहाशे शब्द पत्राचे. मी लाल पेन घेऊन बसले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण एका बाईच्या ट्रंकेतलं पत्र दुरुस्त करतो आहोत. शाळेचा अंक घरोघर जातो. गावात दमामला राहून आलेले किती आणि स्लॅब कुणाचा कधी पडला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. नाव बदलून उपयोग नव्हता. मी मुलीला विचारलं, “दादीला माहीत आहे का, हे छापायचं आहे?” ती म्हणाली, “नाही. पण मी मराठीत लिहिलंय. दादांना मराठी वाचता येत नाही.”

म्हणजे तिनेही विचार केला होता. आणि दादा हयात होते, रोज पडवीत बसत होते.

त्या रात्री मी ‘गुबार-ए-खातिर’ काढलं. मौलाना अबुल कलाम आझाद ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडले गेले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले. तिथे त्यांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहिली. ती पाठवता येणार नव्हती, हे माहीत असून लिहिली. पुढे १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्यांत चहा आहे, खोलीतल्या चिमण्या आहेत. आणि पत्नी झुलेखा बेगम यांच्या इंतकालानंतरचं, एप्रिल १९४३ चं एक पत्र आहे. ते मी बीएडच्या वर्षी पहिल्यांदा वाचलं होतं, तेव्हा वाटलं होतं, यात शोक कुठे आहे? आता वाचताना दिसलं की तो जागोजाग आहे. वर्तमानपत्र येण्याची वेळ, पावलांचा आवाज, चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून केलेली धडपड, यांतून तो येतो. जे सांगायचं ते त्यांनी मित्राला सांगितलं, आणि त्यातलंही बरंच सांगितलं नाही. आणि छापायचं की नाही, हे ज्याने लिहिलं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुलीबरोबर तिच्या घरी गेले. दादी ओट्यावर कोकम निवडत होती. सलाम झाला, चहा झाला. मी सगळं सांगितलं, माझ्या लहानपणच्या खालासकट. दादी हसली. म्हणाली, “बेटी, आत काय लिहिलंय ते राहू दे. पत्ता लिहिता आला नाही, ते लिहा. त्यात काय शरम?”

आम्ही परत गोष्टीला बसलो. मजकूर पूर्ण काढला. सहाशे शब्द गेल्यावर मुलीला वाटलं, आता काही उरलंच नाही. मी तिला म्हटलं, पत्र वाचकाच्या हातात दे, पण उघडू नकोस. आधी गोष्ट अशी सुरू होत होती, ‘आई-वडिलांपासून दूर गेलेल्या माणसाचं दुःख कुणाला कळतं?’ आता ती अशी सुरू झाली, ‘दादीच्या ट्रंकेत एक निळं पत्र आहे. त्याच्या कडा अजून चिकटवलेल्या नाहीत.’ मग रात्रीचा कंदील, ‘पे’च्या जागी ‘बे’, समोर ठेवलेलं जुनं पाकीट, त्यावरचा पोस्ट बॉक्सचा नंबर, पेन्सिलीने काढलेली दोन अक्षरं. पत्रातला एकच शब्द ठेवला, ‘बैसा’. शेवटी स्लॅब पडल्याचं जेवण आहे आणि दादी सगळ्यांना वाढते आहे. ती रडत नाही. गोष्ट तिथे थांबते. मोजले तर चारशे साठ शब्द भरले.

छापायला देण्याआधी मुलीने ती दादीला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली, “दादी म्हणते, ही गोष्ट उर्दू विभागात टाका.”

मी विचारलं, “का?”

“म्हणते, दादांना वाचता यायला हवी.”

मग उर्दूच्या सरांना मी विनंती केली. मुलीने स्वतः ती उर्दूत लिहिली आणि गोष्ट उजवीकडच्या पानांत गेली. मराठी विभागात माझ्याकडे दोन पानं रिकामी राहिली, तिथे मी सहलीचं वर्णन घातलं.

अंक वाटल्यावर आठवडाभर मी मुलीला काही विचारलं नाही. तो माझा प्रश्न नव्हता. मग एक दिवस तीच घरची प्रत घेऊन माझ्याकडे आली आणि पान उघडून दाखवलं. गोष्टीत पोस्ट बॉक्सचा जो नंबर आहे तो तिने मनाने लिहिला होता. दादांनी निळ्या शाईने त्यावर रेघ मारली होती आणि बाजूला, थरथरत्या पण स्पष्ट अक्षरांत, खरा नंबर लिहिला होता.