‘मायसेल्फ’ची जागा

वसतिगृहातून बाहेर पडल्यानंतरची माझी पहिली मुलाखत जळगावला होती. धुळ्याहून एस.टी.ने निघालो आणि पारोळा, एरंडोल मागे पडेपर्यंत इंग्रजीतले एकच वाक्य घोकत राहिलो. खोलीत शिरताच ‘मायसेल्फ’ म्हणून पुढे माझे नाव सांगितले. समोरच्या गृहस्थांनी हसू आवरत विचारले, “यात क्रियापद कुठे आहे?” मला उत्तर देता आले नाही. नोकरीही मिळाली नाही. पण प्रश्न मात्र पुष्कळ वर्षे सोबत राहिला.

चुकीचे मूळ मराठीतच सापडले. ‘मी सुनील’ हे मराठीत क्रियापदावाचून पूर्ण वाक्य आहे. इंग्रजीला तेथे ‘अॅम’ लागतेच. शिवाय ‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी’ नव्हे, ‘स्वतः’. त्याला दोनच कामे. कर्त्याची क्रिया त्याच्याकडेच परतली, की ‘आय हर्ट मायसेल्फ’. आणि जोर द्यायचा असला, की ‘आय मायसेल्फ वेंट’. दोन्हीकडे ‘आय’ आधी हजर आहे. मराठीत आपण नुसते ‘स्वतः गेलो’ म्हणतो तेही चालते, कारण ‘गेलो’ या रूपातच ‘मी’ दडलेला असतो. इंग्रजी ‘वेंट’ मी, तू, तो सर्वांना सारखेच. तेथे कर्ता सांगावाच लागतो.

गंमत अशी, की घरच्या अहिराणीत बरोबर वाक्य तयार होते. आजी ‘मन्हं नाव अमुक शे’ असे सांगे. शब्दांचा क्रम बदलला, की ‘माय नेम इज’ झालेच. शहरात बोलायचे म्हणून ती बोली मी गावीच ठेवून आलो होतो.

पुढे कारकुनी करताना दुसरा प्रकार भेटला. बैठकीला कोण येणार, या पत्राच्या उत्तरात मी लिहिले, ‘मायसेल्फ अँड माय कलीग विल अटेंड’. वरिष्ठांनी सहकाऱ्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “यांना घरी पाठवा, मग वाचा.” उरले ‘मायसेल्फ विल अटेंड’. कान लगेच अडखळला. ‘आय विल अटेंड’ म्हणायचे, तर जोडीनेही ‘माय कलीग अँड आय’च हवे. मराठीत ‘मी आणि माझे सहकारी’ असा ‘मी’ पहिला येतो. इंग्रजी शिष्टाचार त्याला मागे बसवतो, एवढाच फरक.

हीच युक्ती ‘प्लीज कॉन्टॅक्ट माय कलीग ऑर मायसेल्फ’ यालाही लागू पडते. एकट्याने ‘कॉन्टॅक्ट मी’ म्हणतो, म्हणून तेथे ‘मी’, म्हणजे मराठीतले ‘मला’, हवे. ‘आय’ की ‘मी’ हे ठरेना, की माणूस ‘मायसेल्फ’च्या आडोशाला जातो. आपणच नव्हे, इंग्रजी मातृभाषा असलेलेही जातात, आणि जुन्या इंग्रजी काव्यात तर ते कर्ता म्हणून सर्रास येई. अर्ज मात्र काव्य नसतो.

गेल्या उन्हाळ्यात पुतणी मुलाखतीची तयारी करीत होती. आरशासमोर उभी राहून तिने सुरुवात केली, “मायसेल्फ...” मी विचारले, “आजी नाव कसं सांगायची?” ती क्षणभर थांबली आणि अहिराणीत हसली, “मन्हं नाव...” मग तेच वाक्य इंग्रजीत म्हणू लागली.