पडद्यामागची मराठी

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. दरवर्षी वर्गातलं एखादं मूल मला तोच प्रश्न विचारतं, "मॅडम, घरी तर आपण उर्दू बोलतो. मग मराठी आपली कशी?" मी ठरलेलं उत्तर द्यायचे: आपण महाराष्ट्रात राहतो, परीक्षेत हा विषय आहे, नोकरीत उपयोगी पडतो. मुलं मान डोलवायची, पण त्यांना ते पटलेलं नाही हे मला दिसायचं. पटण्यासारखं उत्तर मला नागपुरातल्याच एका हस्तकला मेळ्यात, कापडी पडद्याच्या मागे सापडलं.

हिवाळ्याचे दिवस होते. आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि धाकटा मुलगा सोबत होते. आंध्रातून आलेल्या एका मंडळीने पांढरं कापड ताणून मागे दिवा लावला होता. त्या कापडावर चामड्याच्या बाहुल्यांच्या रंगीत सावल्या नाचत होत्या. या खेळाला तेलुगूत तोलु बोम्मलाटा म्हणतात. गोष्ट रामायणातली होती आणि बोलणं सगळं तेलुगू. आम्हाला एक शब्द कळत नव्हता, तरी मुलगा हलायला तयार नव्हता.

खेळ संपला तशी मी मागच्या बाजूला डोकावले. एक बाई बाहुल्या आवरत होती. तिने पोराला पाणी आणायला सांगितलं आणि मी थबकले. ती मराठी बोलत होती! हेल वेगळा, काही शब्द अनोळखी, पण मराठीच. मी विचारलं, "तुम्ही मराठी?" तिचा नवरा हसला. "घरात हीच भाषा, ताई. खेळ तेलुगूत."

ही एकाच कुटुंबाची गोष्ट नाही, हे मला नंतर वाचून कळलं. आंध्रात धर्मावरमजवळ निम्मलकुंटा हे या बाहुल्यांचं प्रसिद्ध गाव आहे. तिथल्या दळवाई चलपती राव यांना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या कलाकारांच्या घरात मराठीचीच एक बोली चालते. कर्नाटकात हा खेळ करणारे किळ्ळेक्यात आणि तमिळनाडूतले बाहुलीवाले यांचीही तीच कथा. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून दक्षिणेत गेले असं मानतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांसमोर तेलुगू, कन्नड, तमिळ बोलून त्यांनी घरात मराठी जपली. इकडे महाराष्ट्रात ही कला कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने सांभाळली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

अम्मींचं लक्ष मात्र चामड्याकडे होतं. बकरीद आली की आमच्या घरी खालेवर मीठ चोळायचं काम त्यांच्याच देखरेखीखाली होतं. बाहुली हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बकऱ्याचीच खाल ना? मग आरपार कशी दिसते?" त्या माणसाला प्रश्न फार आवडला. त्याने सांगितलं की ही खाल कमावलेली नसते. चपलेचं चामडं कमावतात, त्यातून उजेड जात नाही. इथे खाल भिजवायची, केस आणि चरबी पूर्ण खरवडून काढायची आणि चौफेर ताणून वाळवायची. मग ती काचेसारखी नाही, पण तेल लावलेल्या कागदासारखी होते. सोलताना सुरीचा बारीकसा चिरा पडला असेल, तर ताणल्यावर त्याचं मोठं भोक होतं. अम्मी लगेच म्हणाल्या, "म्हणूनच मी कसाईला दरवर्षी ओरडते!"

वाळलेल्या खालेवर आकृती कोरतात, छिन्नीने बारीक छिद्रं पाडून दागिने आणि कपड्यांची नक्षी काढतात आणि दोन्ही बाजूंनी रंग देतात. रंग पातळ आणि पारदर्शक हवा. जाड थर बसला की पडद्यावर तिथे काळा डागच दिसतो. खांदा, कोपर, गुडघा वेगळे कापून दोऱ्याने जोडतात, म्हणून हातपाय हलतात. बाहुली चांगली झाली की नाही हे समोरून बघून कळत नाही, उजेडासमोर धरूनच कळतं.

आपल्याकडचे सर्वांत जुने कुरआनाचे लिखित नमुनेही अशाच न कमावलेल्या, ताणून वाळवलेल्या खालेवर आहेत, हे मी अम्मींना सांगितलं. त्यांनी बाहुली जरा जपूनच परत केली.

घरी येताना त्यांनी मनातली शंका बोलून दाखवली, "बेटा, चित्रं, बाहुल्या... हे आपल्याला चालतं का?" मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. एवढं मात्र सांगितलं की सावल्यांचा खेळ मुसलमानांच्या मुलखातही फार जुना आहे. अरबीत त्याला खयाल अज़्-ज़िल म्हणतात. मोसुलचा इब्न दानियाल कैरोत डोळ्यांचा हकीम होता, आणि त्याने याच खेळासाठी लिहिलेली तीन नाटकं आजही शिल्लक आहेत. तो 1310 च्या सुमारास वारला. शेख इब्न अरबींनी तर या खेळाचा दाखला दिला आहे: लहान मुलं सावल्या पाहून खूश होतात, गाफील माणूस त्याला करमणूक समजतो आणि समजदार माणूस पडद्यामागे हलवणारा कोण याचा विचार करतो. अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बात तो सही है."

सोमवारी मी वर्गात पडदा बांधला. पहिला प्रयत्न फसला. मागे ट्यूबलाइट होती आणि पुठ्ठ्याचा बकरा नुसता धूसर ढग दिसत होता. ट्यूब चार फूट लांब असते. तिचा प्रत्येक भाग आपली वेगळी सावली पाडतो आणि त्या एकमेकींत मिसळतात. उजेड एका ठिपक्यातून यायला हवा. मोबाइलचा टॉर्च लावला तसा बकऱ्याचा कान न् कान दिसू लागला.

मग मुलांनी मोजमाप केलं. टॉर्च पडद्यापासून 100 सेंटिमीटरवर ठेवला. बकरा पडद्याला टेकवला तर सावली बकऱ्याएवढीच, कडा धारदार. तोच टॉर्चपासून 25 सेंटिमीटरवर आणला तर सावली चौपट, पण कडा जरा पुसट. म्हणून कसलेला कलाकार बाहुली कापडाला चिकटवून खेळवतो आणि राक्षसाने अचानक मोठं व्हायचं असेल तेव्हाच ती मागे ओढतो. पुठ्ठ्यातून रंग दिसेना, तेव्हा एका मुलीने ड्रॉइंगच्या कागदावर स्केचपेनने रंगवून वर खोबरेल तेल चोळलं. रंग पडद्यावर उतरला. खालेची जागा तेलकट कागदाने घेतली.

नाटुकलं मुलांनी मराठीत लिहिलं: बाजारात हरवलेला बकरा. त्याआधी मी त्यांना त्या मंडळींची गोष्ट सांगितली. घरची भाषा एक आणि खेळाची दुसरी, म्हणून त्यांना तेलुगू परकी वाटत नाही आणि त्यांची मराठीही मेली नाही. नेहमी प्रश्न विचारणारा मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम, ते आपल्या उलटे आहेत." मी म्हटलं, "हो, अगदी उलटे."

खेळाच्या दिवशी मी समोर पालकांमध्ये बसले होते. पडद्यावर बकरा स्वच्छ मराठीत आपल्या मालकाला हाका मारत होता. तेवढ्यात सावली डळमळली आणि कापडामागून दबक्या आवाजात कुणीतरी कुणाला तरी खडसावलं, "अबे, बत्ती सीधी पकड़ ना!"