नऊ पाडवे

कपाट भरते, माळा भरतो, हे मला ठाऊक होते. पण वीतभर लांबीच्या मोबाइलमधलीही जागा संपते, हे सत्तरी उलटेपर्यंत कुणी सांगितले नव्हते. ‘काहीतरी पुसून टाका’ असे तो रोज बजावू लागला आणि माझे बोट एकाच ठिकाणी जाऊन थबकू लागले. तिथे हिचा आवाज होता.

2023 च्या श्रावणात ही गेली. टाईप करण्याचा तिला कंटाळा. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ती बोलूनच निरोप धाडी. असे 212 निरोप होते. त्यांत प्रेमाचा शब्द म्हणाल तर एक नाही. ‘अहो, तुर्भ्याच्या बाजारात गेलाच आहात तर कांदे बघून घ्या. मागच्या वेळी निम्म्यांना कोंब फुटले होते.’ असले सारे.

शेवटी नातवाला बोलावले. त्याने मोबाइल चाळला आणि हसून म्हणाला, “आजोबा, आजीनं जागा अडवलेली नाही. तुमच्या मित्रांच्या ‘सुप्रभात’नं अडवली आहे!” मिनिटभर बोलण्याला, आपण काढलेल्या एका फोटोच्या दहाव्या हिश्शाइतकीही जागा लागत नाही, म्हणे. तिचे सगळे बोलणे एकाच चलच्चित्राच्या पोटात मावले असते. त्याने सुप्रभाते पुसली आणि मोबाइल गप्प झाला.

पण मी गप्प झालो नाही. जागेची सबब गेली, आणि खरे कारण उघडे पडले. तिचा नंबर आम्ही पुढे चालू ठेवला नव्हता. न वापरलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते. एके सकाळी पाहतो तो तिच्या निरोपांच्या माथ्यावर मोटारसायकलवर बसलेला एक अनोळखी तरुण! बिचाऱ्याचा काय दोष? पण त्याच्या चेहऱ्याखाली हिचे कांदे-बटाटे मला पाहवेनात. एकदाचे सगळे पुसावे, असे मनाने घेतले.

त्या संध्याकाळी सानपाडा स्टेशनातल्या बाकावर बसून होतो. ध्वनिक्षेपकावरून गाड्यांची घोषणा चालली होती, आणि मला लंडनच्या एका बाईंची गोष्ट आठवली. ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाने तिथल्या भुयारी रेल्वेसाठी ‘फलाट आणि गाडी यांमधले अंतर सांभाळा’ ही सूचना ध्वनिमुद्रित केली होती. 2007 मध्ये तो वारला. त्याची पत्नी मार्गारेट मॅक्कॉलम एम्बँकमेंट स्टेशनावर जाऊन ती सूचना ऐकत बसे. 2012 मध्ये तो आवाज बदलला. त्यांनी रेल्वेला विनंती केली आणि 2013 मध्ये त्या एका स्टेशनावर तो पुन्हा सुरू झाला. त्या वाक्यात तरी प्रेमाचे काय होते? नुसती काळजी!

घरी येऊन निरोप पुन्हा उघडले. वाचकांना ठाऊक असेलच, आलेला निरोप ऐकला की त्याच्याजवळचे माइकचे चिन्ह निळे होते. न ऐकलेला हिरवाच राहतो. मोजले, तर नऊ हिरवे! ‘घरीच तर चाललो आहे, समोरच सांगेल’ अशा आळसाने मी ते तसेच सोडले होते. न फोडलेली पत्रे कोणी फाडून टाकते का? पण ऐकून टाकावे, तर मग तिच्याकडून नवे असे काही उरणार नव्हते.

नातवाला पुन्हा हाक मारली. मोबाइलमधले आवाज तसेच उचलून उपयोग नव्हता, PTT-20230612-WA0004.opus अशी त्यांची नावे. तारीख आहे, माणूस नाही. हिचा निरोप आणि भाच्याचा निरोप एकाच पोत्यात. म्हणून त्याने तिच्याच पानावरचे Export chat दाबले आणि Include media निवडले. उतरलेले निरोप आम्ही मोजले, 212 भरले. चार लावून ऐकले. एक प्रत संगणकावर ठेवली, एक पेन ड्राइव्हवर. प्रतीत हिरवे-निळे कळत नाही, म्हणून त्या नऊंच्या तारखा मी डायरीत उतरून घेतल्या. मगच त्या तरुणाच्या चेहऱ्याखालचे सारे पुसले. बोट थोडे थरथरले, पण पुसले.

मागच्या पाडव्याला, ओवाळणीच्या वेळी, नऊंतला पहिला निरोप लावला. ‘अहो, ऐकताय ना? नाहीच ऐकत तुम्ही! येताना लिंबं आणा चार.’

आता आठ राहिले. दर पाडव्याला एक, असे ठरवले आहे. मला सत्याहत्तरावे चालू आहे. हिशेब जरा लांबचा होतो खरा. पण तिने सांगितलेले काम टाळण्याची सवय आता मोडली आहे. त्या दिवशी मी तसाच उठलो, पायांत चपला सरकवल्या आणि चार लिंबे घेऊन आलो.