‘मी’ नाहीशी होते तेव्हा

पत्ररूप कथेत ताण वाढविण्यासाठी भांडणाची गरज नसते. मायना आणि क्रियापद पुरेसे असतात. रिचर्डसनच्या ‘पामेला’त (१७४०) नोकर मुलगी आईवडिलांना पत्रे लिहिते आणि मालक ती चोरून वाचतो. ई-मेलमधील कथेत चोरीचे कारणच उरत नाही. ज्याच्याविषयी गाऱ्हाणे आहे, त्यालाच लिहावे लागते.

म्हणून आम्ही एक कथा जुळवून पाहिली. मुखेडच्या एका गोदामात नव्याने लागलेली मुलगी लातूरच्या व्यवस्थापकांना रोजचा तक्ता धाडते. पहिला मेल असा: “आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. आजच्या पोत्यांचा तक्ता मी पाठवते आहे.” उत्तर येते: “नमुना चुकला आहे. तुम्ही पुन्हा पाठवा.” नमस्काराला नमस्कार नाही, एवढेच.

दुसऱ्या मेलात नमस्कार गळतो: “सर, आपण दिलेल्या नमुन्यातच मी तक्ता पाठवला होता.” उत्तर: “आपण नवीन आहात. नियम वाचण्याची आपणांस गरज वाटत नसावी.” शिवाय प्रत वरिष्ठांना. ‘तुम्ही’चे ‘आपण’ झाले, म्हणजे वरवर आदर वाढला; प्रत्यक्षात दार लोटले गेले. इंग्रजीतील एकुलत्या ‘यू’ला हे साधत नाही.

तिसरा मेल: “महोदय, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, तक्ता सोबत जोडण्यात आला आहे. आपला सोमवारचा मेल खाली आहे.”

येथे व्याकरण पाहावे. ‘पाठवते’मध्ये ती बाई म्हणून दिसते. ‘पाठवला’ हे क्रियापद तक्त्याशी जुळते, पण ‘मी’ शिल्लक असते. ‘जोडण्यात आला’ येथे तीही जाते. तीन मेलांत एक माणूस वाक्यातून नाहीसे झाले, आणि कोणी आवाज चढविला नाही. मात्र ही शरणागती नव्हे. सोमवारच्या मेलात व्यवस्थापकांनी स्वतः दिलेला नमुना आहे, आणि प्रत त्याच वरिष्ठांना गेली आहे. कार्यालयीन कर्मणी प्रयोग तिचे चिलखत झाला.

अशी कथा बिघडते ती दोन ठिकाणी. व्यवस्थापकाच्या तोंडी पहिल्याच मेलात अपमान घातला की चढायला पायरी उरत नाही. प्रत्येक मेलात एकच सौजन्य काढून घ्यावे. दुसरे, मुलीने आपले दुःख मेलात सांगू नये. वरिष्ठ वाचणार आहेत हे तिला ठाऊक असते. ती तेथे रडली, तर ते लेखकाचे रडणे ठरते.

शेवटचे उत्तर आम्ही एका शब्दाचे ठेवले: “ठीक.” तक्ता मान्य झाला, असे त्यातून कळते. पण दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यासोबत ती ‘पाठवते आहे’ लिहील की ‘पाठविण्यात येत आहे’, यावर तिच्या विजयाची किंमत ठरते. तो मेल आम्ही लिहिला नाही.