वाक्याच्या शेवटी काय ठेवावे?

धार जिल्ह्यातील मनावरचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि या तालुक्यातील नर्मदाकाठ बुडितात आला. याविषयी निवेदन लिहू लागलो की आम्हांपुढे दोन वाक्ये उभी राहतात:

‘धरण पूर्ण भरले, तरी अनेक कुटुंबांचे पुनर्वसन अपुरे होते.’

‘अनेक कुटुंबांचे पुनर्वसन अपुरे होते, तरी धरण पूर्ण भरले.’

तथ्ये तीच, परंतु पहिल्या वाक्यानंतर मनात पुनर्वसन उरते, दुसऱ्यानंतर धरण. पुढील वाक्य भरपाई मागणारे असेल तर पहिला क्रम घ्यावा, धरणाची पातळी उतरवण्याची मागणी असेल तर दुसरा.

‘कारण’ हे अव्यय मात्र फसवे आहे. ‘शेते बुडाली, कारण धरण भरले’ असे लिहिले की नुकसान मागे पडते. तेच ठसवायचे तर ‘धरण भरले, म्हणून शेते बुडाली’ असे लिहावे.

एकाच उपवाक्यात ही युक्ती पुरत नाही. तेथे शेवटची जागा सहसा क्रियापदाची असते आणि जोर त्याच्या लगतच्या आधीच्या शब्दावर पडतो: ‘शेतांचे नुकसान पुराने झाले’ आणि ‘पुराने नुकसान शेतांचे झाले’.