पनीरच्या पाण्यात उरतं काय?

खरवस करताना चिकात लिंबू पिळावं लागत नाही की विरजण लावावं लागत नाही. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून डबा वाफेवर ठेवला की थोड्याच वेळात वड्या पडतील इतका घट्ट खरवस तयार होतो. पंधरा दिवसांनी त्याच म्हशीचं दूध तसंच वाफवून पाहा. साय धरेल, थोडं आटेल, पण राहील दूधच. ते घट्ट करायचं तर त्यात काहीतरी आंबट पडावंच लागतं.

हा फरक दुधातल्या दोन तऱ्हेच्या प्रथिनांचा आहे. रोजच्या दुधात साधारण ऐंशी टक्के प्रथिन केसीन असतं आणि वीस टक्के व्हे. पहिल्या दिवसाच्या चिकात हे प्रमाण उलटं होतं, कारण वासराला रोगप्रतिकारशक्ती देणारी प्रथिनं त्यात ठासून भरलेली असतात आणि ती व्हेच्या गटातली असतात. व्हे तापलं की थिजतं. केसीनला ताप सहन होतो, आम्ल सहन होत नाही. म्हणूनच पहिल्या दिवसाच्या चिकात दूध घालून खरवस करतात आणि तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा खरवस नीट बसत नाही.

मी पनीर बनवतो. दुधाला तापही द्यावा लागतो आणि आम्लही, त्यामुळे या दोन्ही प्रथिनांशी माझा रोजचा संबंध येतो. गिऱ्हाइकांचा एक समज मला वारंवार ऐकू येतो. पनीर म्हणजे केसीन आणि उरलेलं पाणी म्हणजे व्हे, तेव्हा जिममध्ये हजारो रुपये मोजून घेतात ती पावडर या पाण्यात फुकट आहे, असं लोक सांगतात. व्यायाम करणारी मुलं कॅन घेऊन येतात. मी त्यांना पाणी देतो, पण त्यात नेमकं काय आहे तेही सांगतो. त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. ती पावडर निवळीपासूनच होते, फक्त ती निवळी पनीरची नसते.

पातेल्यात काय घडतं ते एकदा सविस्तर सांगतो. म्हशीचं दहा लिटर दूध घेतलं की ते ढवळत ढवळत नव्वद अंशांपर्यंत नेतो आणि काही मिनिटं तिथेच धरतो. नवख्याला वाटतं, हे जंतू मारण्यासाठी आहे. जंतू त्याआधीच मरतात. नव्वदपर्यंत नेण्याचं खरं कारण व्हेच आहे. व्हेचं प्रथिन लोकरीच्या गुंड्यासारखं घट्ट गुंडाळलेलं असतं. सत्तर-पंचाहत्तर अंशांच्या पुढे ते उलगडायला लागतं आणि आत दडलेली गंधकाची टोकं बाहेर येतात. ही टोकं केसीनच्या कणांच्या पृष्ठभागाला घट्ट जोडली जातात. वरून काहीच दिसत नाही, दूध तेवढंच पांढरं, तेवढंच पातळ. पण आत बरंचसं व्हे केसीनला चिकटलेलं असतं.

मग दूध सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत उतरू देतो आणि वीस-बावीस ग्रॅम सायट्रिक ॲसिड लिटरभर गरम पाण्यात विरघळवून बारीक धारेने सोडतो. सामू 5.3 च्या आसपास आला की केसीनचे कण एकमेकांना धरायला लागतात. आम्लामुळे त्यांच्यातलं कॅल्शियम सुटून पाण्यात जातं, एकमेकांना दूर लोटणारा विद्युतभार कमी होतो आणि गोळे बनतात. केसीन खाली बसताना अंगाला चिकटलेलं व्हेही घेऊन बसतं. स्निग्धांश त्या जाळीत अडकतो. ॲसिड केव्हा थांबवायचं हे मोजमापापेक्षा पाणीच सांगतं. झाऱ्याने चोथा बाजूला सारला की खालचं पाणी हिरवट पिवळं आणि आरपार दिसलं पाहिजे. ते दिसलं की धार त्याच क्षणी बंद करायची. नंतर पडलेला प्रत्येक थेंब पनीर आंबट आणि भुसभुशीत करतो. पाणी दुधाळ राहिलं तर ॲसिड कमी पडलंय किंवा दूध फार निवलंय, आणि स्निग्धांशाबरोबर केसीनही वाहून चाललंय. पाच मिनिटं न हलवता ठेवून मग मलमलच्या फडक्यात ओततो आणि वजनाखाली दाबतो.

या दहा लिटरांतून साधारण दोन किलो पनीर निघतं आणि साडेआठ-नऊ लिटर पाणी. दुधात सुमारे चारशे ग्रॅम प्रथिन होतं, त्यातलं ऐंशी ग्रॅमच्या आसपास व्हे. दूध न तापवता केसीन वेगळं काढलं असतं तर हे ऐंशी ग्रॅम बहुतेक पाण्यात गेले असते. पनीरच्या पाण्यात मात्र सगळं मिळून तीसेक ग्रॅम प्रथिन सापडतं. तेही खरं तर जास्तीचं आहे. प्रयोगशाळेत प्रथिन नायट्रोजनवरून मोजतात आणि दुधात मुळातच असलेल्या युरियासारख्या पदार्थांचा नायट्रोजनही त्यात धरला जातो. थोडक्यात, साडेआठ लिटर पाणी प्यायलं तर पावडरीच्या एका चमच्याएवढं प्रथिन मिळेल. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात ते एक ग्रॅमही भरत नाही. त्याऐवजी पनीरचा पन्नास ग्रॅमचा तुकडा खाल्ला तर आठ-नऊ ग्रॅम मिळतं आणि त्यात केसीनबरोबर व्हेही असतं.

ज्याला पटत नाही त्याला मी एक प्रयोग करायला सांगतो. अर्धा लिटर न तापवलेलं दूध घ्या. पिशवीतलं पाश्चराइज्ड चालेल, खोक्यातलं टिकाऊ दूध नको, कारण ते आधीच फार तापलेलं असतं. हाताला सोसेल इतपतच कोमट करा आणि लिंबाचा रस थोडा थोडा घालत जा. पनीरपेक्षा रस बराच जास्त लागेल. फाटलं की दाट फडक्यातून गाळा. आता गाळलेलं पाणी एकटंच उकळा. उकळी यायच्या आतच ते गढूळ होतं आणि पांढरे बारीक फुलोरे वर येतात. हे व्हे, दह्याच्या कवडीपेक्षा मऊ आणि चवीला किंचित गोड. शेजारच्या शेगडीवर पनीरचं गाळलेलं पाणी उकळत ठेवा. ते फार तर थोडं धुरकट होईल, हाती काही लागणार नाही, कारण त्यातलं व्हे आधीच पनीरमध्ये गेलेलं आहे. इटलीत रिकोटा याच फुलोऱ्यांचं करतात. तिथलं चीज कोमट दुधात वासराच्या जठरातलं रेनेट घालून लावतात, त्यामुळे व्हे पाण्यात शाबूत उरतं. जिमची पावडरही अशाच चीजच्या निवळीतून येते. बारीक पडद्यांतून गाळून पाणी, साखर आणि क्षार काढले जातात आणि उरलेलं प्रथिन फवाऱ्याने वाळवलं जातं.

चक्क्याच्या पाण्याचंही पनीरच्या पाण्यासारखंच आहे. दही लावायचं दूध आपण उकळूनच घेतो.

मग पनीरच्या पाण्यात आहे तरी काय? मुख्यतः दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. दहा लिटर दुधातली चारशे ग्रॅमच्या पुढे साखर या पाण्यात येते, पेल्यामागे दहा ग्रॅमच्या आसपास. ती उसाच्या साखरेइतकी गोड लागत नाही म्हणून जिभेला कळत नाही. त्याखालोखाल क्षार. पोटॅशियम मुळातच विरघळलेलं असतं. कॅल्शियमचं मला विशेष वाटतं, कारण रेनेटने लावलेल्या चीजमध्ये ते केसीनबरोबर राहतं आणि आपल्या आम्लाच्या पद्धतीत त्यातला चांगला भाग पाण्यात उतरतो. तिसरं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्व. पाण्याचा हिरवट पिवळा रंग त्याचाच. दुधातही ते असतं, पण केसीन आणि स्निग्धांशाच्या पांढऱ्या रंगात लपून जातं. उजेडात ते नासतं, म्हणून निवळी काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवण्यापेक्षा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावी.

एवढं सगळं असताना हे पाणी मोरीत ओतणं मला पटत नाही. त्यातली साखर जंतूंना आयतं खाद्य आहे. ओढ्यात किंवा गटारात गेली की जंतू ती खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. घरच्या भांडंभर पाण्याने फार बिघडत नाही, पण रोज शेकडो लिटर सोडणाऱ्या पनीरवाल्याने हे टाळलंच पाहिजे. मी थोडं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवतो. रात्रीतून ते चांगलं आंबतं आणि ॲसिडच्या जोडीला दूध फाडायला उपयोगी पडतं, त्यामुळे विकतचं ॲसिड कमी लागतं.

घरात सगळ्यात उत्तम उपयोग कणकेला. याच्यात भिजवलेल्या कणकेच्या पोळ्यांना तव्यावर डाग लवकर पडतात, कारण लॅक्टोज तापून तांबूस होतं, म्हणून आच जरा कमी ठेवावी. उन्हाळ्यात अशी कणिक फार वेळ बाहेर ठेवू नये, ती लवकर आंबते. कढीला, भाजीच्या रश्शाला हे पाणी छान लागतं. डाळ मात्र याच्यात शिजत टाकू नका. आम्ल आणि कॅल्शियम दोन्ही डाळीचं साल आणि गर घट्ट धरून ठेवतात, शिट्ट्यांवर शिट्ट्या होतात आणि दाणा टणकच राहतो. साध्या पाण्यात डाळ मऊ शिजवून घ्यावी आणि मग हे पाणी घालावं.

ज्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, त्यांना कुणीतरी हे पाणी हलकं म्हणून सुचवतं. त्यांनी ते पेलाभर पिऊ नये. त्यांना दुधातलं जे सोसत नाही ते लॅक्टोज, आणि ते जवळजवळ सगळं या पाण्यातच आहे. पनीर त्यांना सहसा सोसतं.