मिठी आणि दोन हातांचे अंतर

शब्दांवरून चित्र काढणाऱ्या यंत्रास सूचना लिहिणे ही वर्णनाचीच एक परीक्षा होय, आणि विशेषणे किती दुबळी असतात याचा प्रत्यय तेथे फार लवकर येतो. बालवाचनाच्या पुस्तिकेसाठी एका शिक्षिकेने लिहिलेली पहिली सूचना अशी होती: ‘बागेत एक मूल आणि पाळीव कुत्रा नैसर्गिक व प्रेमळपणे खेळत आहेत.’ चित्र आले. मुलाने कुत्र्याच्या गळ्यास मिठी मारलेली, दोघांचीही तोंडे समोर, आणि मुलाची बोटे कुत्र्याच्या केसांत विरून गेलेली.

दोष सर्वस्वी यंत्राचा नव्हे. ते असंख्य चित्रांवरून आणि त्यांच्या खालच्या ओळींवरून शिकलेले असते, आणि अशी छायाचित्रे बहुधा कोणीतरी ‘इकडे बघा’ म्हटल्यावर टिपलेली. ‘प्रेमळ’ म्हणताच त्यास मिठी सुचते. प्रत्यक्षात मात्र गळ्यात पडलेला हात पुष्कळ कुत्र्यांना रुचत नाही. ते मान वळवतात, ओठ चाटतात, त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. या खुणा न ओळखल्याने मुलांना चावे बसतात. चित्रातले पाहून वर्गातले मूल तसेच करील, ही शिक्षिकेची खरी चिंता होती.

तिने पुढे ‘मिठी नको’ असे जोडले. मिठी पुन्हा आलीच. नकार अशा यंत्रांना पुष्कळदा नीट उमगत नाही, नाव घेतलेली वस्तूच ती रेखाटून बसतात. तेव्हा तिने नुसती क्रिया लिहिली: ‘पाच-सहा वर्षांची मुलगी गवतावर बसली आहे. तिच्या उघड्या तळहातावर लाल चेंडू आहे. तिच्यापासून दोन हातांवर तांबूस गावठी कुत्रा पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीला टेकून, मागचा भाग उंच करून उभा आहे. त्याची नजर चेंडूवर, तिची त्याच्यावर. दृश्य मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवरून. संध्याकाळचे तिरपे ऊन.’

कुत्र्याची ती वाकलेली ढब म्हणजे खेळाचे आमंत्रण. या सूचनेत ‘प्रेमळ’ हा शब्द कोठेच नाही. ते काम नजरा करतात, आणि मधले दोन हातांचे अंतर करते. त्या अंतराचा आणखी एक फायदा असा, की बोटे केसांत मिसळण्याचा प्रसंगच उरत नाही.

हलत्या चित्रासाठी मात्र एवढेही फार होते. काही सेकंदांच्या तुकड्यात मुलीने चेंडू घरंगळत सोडावा आणि कुत्र्याने त्यामागे धावावे, इतकेच मागावे. तो परत आणून हातात देण्याचे सांगितले, की वाटेत चेंडूचे दोन होतात किंवा तो जबड्यात शिरून नाहीसा होतो. म्हणून शिक्षिका आता तुकडा तीनदा पाहते: एकदा पाय मोजण्यासाठी, एकदा बोटे मोजण्यासाठी, आणि एकदा केवळ चेंडूवर डोळा ठेवून.